मंगळवारची सहेरी नेमकी कोणाची?



गेल्या रमजानच्या सहाव्या रोजाला आमच्या बोर्ली पंचतनमधल्या एका खालांनी सहेरीविना रोजा ठेवला. वय सत्तरीच्या पुढे. दोन्ही मुलगे आखातात, घरात दुसरे कोणी नाही. जमातखान्यातून त्यांना सहेरीचा डबा जायचा. त्या पहाटे तो गेला नाही. त्यांच्याबरोबर आणखी पंधरा-सोळा घरांतही गेला नाही. खाला चार वाजल्यापासून ओटीवर दिवा लावून बसल्या होत्या. अजान झाली तेव्हा पाणी पिण्याचीही वेळ निघून गेली होती. दुपारी मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "तक्रार नाही रे बाळा, पण कोणी येणार नाही एवढं रात्री कळवलं असतंत, तर मी उठून चहा-पाव तरी घेतला असता."

संध्याकाळी आम्ही चौकशी केली. कोणी आळस केला असेल, कोणी झोपून राहिला असेल, असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात तसे काहीच नव्हते. यादीत त्या पाळीपुढे दोन नावे होती, आणि दोघेही प्रामाणिक पोरे. पाळी लिहिली होती "मंगळवार, सहेरी". दोघांनी अर्थ लावला, मंगळवारी इशा-तरावीह करायची, थोडे झोपायचे आणि मग उठून जायचे. म्हणजे खरे तर बुधवारची पहाट. त्याप्रमाणे ते बुधवारी पहाटे तीन वाजता हजर झाले. तिथे बुधवारचे दोघे आधीच डाळ गरम करीत होते. एका पहाटे चार माणसे, आदल्या पहाटे कोणीच नाही. भिंतीवरच्या यादीत मात्र एकही चौकोन रिकामा नव्हता.

मस्कतच्या नोकरीत मी बरीच वर्षे गोदामातल्या कामगारांच्या पाळ्या लावल्या. म्हणून जमातीच्या सदरांनी या वर्षीची यादी माझ्याकडे सोपवली आहे. रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित आहे. कोकणातल्या अनेक मोहल्ल्यांत अशी सहेरी-इफ्तारची व्यवस्था असते, म्हणून ही यादी आम्ही कशी बांधली ते या वेळच्या सदरात सविस्तर सांगतो.

आधी पाळीला नाव द्या

आपल्याकडे दिवस मगरिबपासून सुरू होतो, घड्याळात तो मध्यरात्री बदलतो आणि सामान्य माणसाच्या मनात झोपून उठल्यावर बदलतो. सहेरीची पाळी या तिन्हींच्या मधोमध येते. त्यामुळे "मंगळवारची सहेरी" म्हटले की दोन प्रामाणिक माणसे दोन वेगळ्या वेळा समजू शकतात. तारीख लिहिली तरी हा घोळ सुटत नाही. शिवाय चाँद दिसेपर्यंत पहिला रोजा कोणत्या तारखेला हे ठरलेलेच नसते. तारखेवार केलेली यादी चाँद एक दिवस पुढे गेला की आख्खी चुकते.

यावरचा उपाय सोपा आहे. यादी रोजाच्या क्रमांकाने करायची. "सहाव्या रोजाची सहेरी" याचा अर्थ एकच होतो: जी सहेरी खाऊन सहावा रोजा ठेवायचा ती. चाँद दिसला की पहिल्या ओळीत वार लिहायचा आणि त्याखाली क्रमाने बाकीचे. सहेरीच्या चौकोनात आम्ही आणखी एक वाक्य घातले आहे, "सोमवारी रात्री झोपून मंगळवारी पहाटे ३ ला यायचे". वाचायला बाळबोध वाटते, पण पहाटे तीनला माणसाची बुद्धी तेवढीच चालते.

रोजाच्या क्रमांकाने लिहू लागलो तेव्हा दोन अडचणीच्या जागा आपोआप डोळ्यांपुढे आल्या. पहिली म्हणजे पहिल्या रोजाची सहेरी. चाँदची बातमी मगरिबनंतर येते आणि पाळी पहाटे तीनची असते, म्हणजे हाताशी जेमतेम आठ तास. त्या पाळीची माणसे "चाँद दिसला तर" या अटीवर आधीच ठरवून ठेवायला हवीत, आणि तांदूळ, डाळ, गॅस २८ शाबानलाच आणून ठेवायला हवे. दुसरी जागा तिसाव्या रोजाची. तो होईल की नाही हे २९ व्या इफ्तारनंतर कळते. तोवर अर्धा मोहल्ला मनाने ईदच्या तयारीला लागलेला असतो. ही पाळी बहुतेक याद्यांत कोरीच राहते, कारण २९ चा आकडा लिहून झाल्यावर यादी संपल्यासारखी वाटते. आम्ही ती सर्वांत आधी भरली.

दिवसाची कामे उलटीकडून मोजा

पाळ्या ठरवताना सकाळपासून सुरुवात केली की चूक होते. मस्कतमध्ये माल जहाजावर कधी चढायला हवा तिथून आम्ही मागे मोजत यायचो. इथे ती जागा अजानची आहे. मगरिबची अजान साडेसहाच्या पुढेमागे होते, आणि त्या वेळी प्रत्येकाच्या हातात खजूर असायला हवा. डबे घरोघर पोचायचे तर पंधरा मिनिटे आधी पोचायला हवेत. ते भरायला पाऊण तास लागतो. म्हणजे साडेपाचच्या आत टोप चुलीवरून उतरला पाहिजे. मग कांदा-बटाटा, मटण-भाजी चार वाजेपर्यंत चिरून तयार हवे. हे सगळे मागे मोजत आल्यावर दिवसाच्या सात पाळ्या झाल्या. आमच्याकडे इफ्तारला सुमारे १२० माणसांची सोय आणि सहेरीला ६० डबे असतात. दिघीकडे कामाला असलेले, बाहेरगावचे मजूर, एकटे राहणारे शिक्षक आणि ज्यांची मुले आखातात किंवा मुंबईला आहेत असे वृद्ध, अशी ही माणसे. बावर्ची मानधनावर आहे, त्याला यात धरलेले नाही.

पहिल्या हिशेबात रोज लागणारी माणसे अशी:

बाजार, सकाळी १० ते १२ — २
चिरणे-निवडणे, दुपारी २ ते ४ — ४
बावर्चीला मदत, साडेतीन ते पावणेसहा — २
डबे भरणे व पोचवणे, साडेपाच ते सव्वासहा — ४
इफ्तारची वाढप, सव्वासहा ते सव्वासात — ३
भांडी व जागा, सव्वासात ते आठ — ४
सहेरी, पहाटे ३ ते साडेपाच — ३

बेरीज २२. आठवड्याला १५४ पाळ्या.

एक गोष्ट इथेच सांगतो. या वेळा महिनाभर स्थिर राहत नाहीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या दहा तारखेपर्यंत आपल्या किनाऱ्यावर सूर्यास्त दहा-बारा मिनिटे उशिरा होत जातो, आणि सहेरीची वेळ पंधरा-वीस मिनिटे अलीकडे येते. इफ्तारला दहा मिनिटे जास्त मिळाली तर बिघडत नाही. पण सहेरीला वीस मिनिटे कमी झाली तर शेवटच्या गल्लीतले चार डबे अजानच्या वेळी पोचतात. म्हणून सहेरीच्या पाळीत घड्याळाची वेळ दर दहा रोज्यांनी बदलली आहे. पहिल्या दहाला तीन वाजता, मधल्या दहाला पावणेतीन, शेवटच्या दहाला अडीच. शेवटच्या दहात वेळ गरजेपेक्षा थोडी जास्तच आधी घेतली आहे, कारण त्या रात्री इबादतीमुळे माणसे थकलेली असतात आणि हात सावकाश चालतात.

माणसे मोजताना

शाबानच्या सुरुवातीला नावे मागितली. ४० नावे आली. प्रत्येकाने आठवड्याला तीन पाळ्या कबूल केल्या. म्हणजे १२० झाल्या, आणि लागत होत्या १५४. ३४ कमी.

अशा वेळी आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक तर "होईल, अल्लाह मालिक आहे" म्हणून यादी तशीच भिंतीवर लागते, किंवा चाळिसांतल्या सात-आठ भल्या माणसांच्या माथ्यावर ते ३४ येतात. ही सात-आठ माणसे पंधराव्या रोजापर्यंत तग धरतात. मग एखादा आजारी पडतो, एखादा रुसतो आणि शेवटच्या दहा दिवसांत सगळेच कोलमडते. आम्ही आधी नावे ताणली नाहीत, कामच कमी करता येते का ते पाहिले.

बाजार रोज करण्याची गरज नव्हती. धान्य, तेल, खजूर एकदाच भरायचे. मटण-भाजीसाठी आठवड्यातून तीन फेऱ्या पुरतात. १४ पाळ्यांच्या ६ झाल्या. चिरण्याच्या कामात कांदा सर्वांत वेळखाऊ. तो दोन-दोन किलो चिरून देण्याचे काही घरांनी आनंदाने कबूल केले, म्हणून चौघांऐवजी तिघे पुरतात. भांड्यांच्या बाबतीत प्रत्येकाने आपली थाळी स्वतः विसळायची असे ठरले. उरले फक्त मोठे टोप, म्हणून चौघांऐवजी दोघे. सहेरीची डाळ-भाजी इफ्तारबरोबरच शिजवून ठेवायची आणि पहाटे फक्त भात आणि गरम करणे, म्हणून तिघांऐवजी दोघे.

नवी बेरीज: बाजार ६, चिरणे २१, मदत १४, डबे २८, वाढप २१, भांडी १४, सहेरी १४. एकूण ११८.

११८ हव्यात आणि १२० आहेत. जमले असे वाटले ना? आम्हालाही वाटले. पण दोन पाळ्यांची शिल्लक म्हणजे आठवड्यात तीन माणसे आजारी पडली की यादी फाटली. रमजानात दहातली एक पाळी तरी चुकते असे मी धरतो. ताप येतो, मुंबईचे काम निघते, मय्यत होते. म्हणजे बारा पाळ्या जास्तीच्या हव्यात. त्यासाठी आणखी चार नावे शोधली. ४४ जणांच्या १३२ पाळ्या झाल्या, शिल्लक १४.

ही चार नावे शोधताना दहावी-बारावीची मुले आम्ही मुद्दाम वगळली. बोर्डाच्या परीक्षा नेमक्या याच काळात येतात. पोरगा उत्साहात नाव देतो, आई नंतर येऊन शांतपणे नाव कापायला सांगते, आणि ते चौकोन ऐनवेळी रिकामे होतात.

एकूण बेरीज फसवते

आता खरी मेख. १३२ आणि ११८ हे आकडे एकूण आहेत. एकूण बेरीज बसली म्हणून प्रत्येक पाळी बसते असे नाही. दुपारी चिरायला येणारी बाई पहाटे डबे वाटायला येणार नाही, आणि सकाळी दुकान उघडणारा माणूस बाजाराला जाऊ शकणार नाही. म्हणून प्रत्येक पाळीपुढे वेगळे लिहिले: हे काम करू शकणारे किती?

चिरण्याला १८ नावे निघाली, त्यांत बहुतेक भगिनी. तिथे चिंता नव्हती. मात्र एक काळजी घ्यावी लागली. ही पाळी चारला संपली पाहिजे म्हणजे संपलीच पाहिजे. त्यानंतर या भगिनींना स्वतःच्या घरची इफ्तार करायची असते. गेल्या वर्षी चिरणे पाच-सव्वापाचपर्यंत लांबायचे. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या येईनाशा झाल्या. आम्ही पुरुष मंडळी म्हणत होतो की उत्साह संपला. खरे म्हणजे त्यांच्या घरच्या चुली थंड राहत होत्या, आणि हे कोणी त्यांना विचारलेही नाही. या वर्षी त्या पाळीची प्रमुख त्यांच्यातलीच एक आहे. चार वाजले की उरलेले बावर्चीच्या मदतनिसांनी चिरायचे, हा तिचा शब्द शेवटचा.

इफ्तारच्या वाढपीत उलटी गंमत. त्या वेळी सगळा मोहल्ला तिथेच हजर असतो, म्हणून ती पाळी कधी कोणाच्या नावावर लावलीच जात नसे. परिणाम असा की अजान होताच चाळीस जण खजूर खायला बसतात, पुरुषांची जमात उभी राहते, आणि त्याच पाच मिनिटांत पाणी मागणारा परगावचा मजूर इकडेतिकडे पाहत राहतो. सगळे हजर असतात, पण जबाबदारी कोणाचीच नसते. या वर्षी तिथे रोज तीन नावे आहेत. तिघांनी सर्वांबरोबर त्याच क्षणी खजूर-पाण्याने रोजा सोडायचा, वाढप करायची, आणि बाकीचे नमाज पढून आले की जमातखान्यातच तिघांनी दुसरी जमात करायची. इमाम साहेबांना विचारूनच हे ठरवले. तिघांची थाळी वाढप सुरू होण्याआधी बाजूला काढून झाकून ठेवायची, हेही यादीत लिहिले आहे. नाहीतर वाढणाऱ्याला तळाची खिचडी मिळते आणि तो दुसऱ्यांदा नाव देत नाही.

आणि सहेरी. ४४ पैकी सहेरीला तयार असलेले पाच जण निघाले. पाच. त्यांच्या आठवड्याला तीन म्हणजे १५ पाळ्या, हव्यात १४. कागदावर बसते. पण पाचांतला एक आजारी पडला की १२ राहतात आणि दोन पहाटा उघड्या पडतात. खालांचा डबा पुन्हा चुकणार तो इथेच. बाकी सगळीकडे शिल्लक होती, तरी ती इथे उपयोगाची नव्हती.

मग आम्ही प्रश्न बदलला. "सहेरीची पाळी करणार का?" असे विचारले की माणसाच्या डोळ्यांपुढे तीस पहाटा उभ्या राहतात आणि तो मान हलवतो. "दहा रोज्यांत एकदा करणार का? महिन्यात तीनच वेळा" असे विचारल्यावर आणखी दहा जणांनी होकार दिला. आता हिशेब पाहा. महिन्याच्या सहेरीला दोघे, म्हणजे ६० पाळ्या. नव्या दहा जणांच्या तीन-तीन म्हणजे ३०. जुन्या पाच जणांच्या सहा-सहा म्हणजे ३०. जुन्यांवर आधी बारा-बारा येत होत्या, त्या निम्म्या झाल्या. शिवाय प्रत्येक पहाटेची जोडी एक जुना आणि एक नवा अशी लागली. जुन्याला घरे माहीत, गॅसची शेगडी कशी पेटते ते माहीत. नव्याच्या पायांत जोर. नवा येत नसला तरी जुना एकटा उशिरा का होईना निभावून नेतो, आणि तीन फेऱ्यांनंतर नवाही जुना होतो.

म्हणून यादी भरतानाचा क्रम असा ठेवा. सर्वांत कमी माणसे ज्या पाळीला मिळतात ती आधी भरायची: सहेरी, मग वाढप, मग डबे. चिरणे आणि बाजार शेवटी. उलट केले, म्हणजे सकाळपासून भरत आलो, तर चांगली माणसे सोप्या पाळ्यांत वाटून संपतात आणि अवघड पाळीला हातात कोणी उरत नाही.

नाव लिहिले म्हणजे माणूस आला असे नाही

गेल्या वर्षीच्या घोळानंतर सातव्या रोजापासून आम्ही एक गोष्ट सुरू केली आणि उरलेल्या महिन्यात सहेरी एकदाही चुकली नाही. ती अशी. इशाच्या फर्जनंतर, तरावीह सुरू होण्याआधी, मुअज्जिन साहेब येत्या सहेरीची दोन नावे वाचतात. ज्यांची नावे ते हात वर करतात. यात अर्धा मिनिट जातो. हात वर आला नाही तर बदली माणूस तिथल्या तिथे शोधायचा, कारण त्या क्षणी मोहल्ल्यातले बहुतेक पुरुष एका छताखाली असतात. तरावीह संपून माणसे पांगली की फोन करत बसावे लागते, आणि अकरा वाजता झोपलेला माणूस फोन घेत नाही.

यातूनच बदलीचा नियमही निघाला. ज्याला पाळी जमणार नाही त्याने स्वतः बदली शोधायची आणि इशाच्या आत वहीत नोंद करायची. बदली माणसाने स्वतःच्या हाताने सही केली तरच बदल झाला असे समजायचे. "मी त्याला सांगितलं होतं" हे चालणार नाही. अदलाबदलीत सर्वांत जास्त पाळ्या हरवतात त्या याच वाक्यात. एकाला वाटते सांगितले, दुसऱ्याला वाटते नुसते विचारले.

ही वही आणि यादी कागदावर आहे, मोबाइलवर नाही. काही तरुणांनी विचारले, ग्रुपवर टाकले तर काय बिघडले? ग्रुपवरही टाकूच. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले ते इथल्या कोणाला विसरता येईल? माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन मुके होते. त्या दिवसांत कोण कुठे आहे हे कळायचा एकच मार्ग होता, चालत जाऊन विचारणे. रमजानात वादळ येईल असे नाही, पण बॅटरी संपते, नेट जाते, आणि साठीच्या पुढच्या निम्म्या माणसांकडे ग्रुप पाहण्याची सवयच नाही. जमातखान्याच्या दाराआड लावलेला कागद सर्वांना सारखा दिसतो. ग्रुपवरची यादी तीनदा बदलली की कोणती खरी हे कळत नाही. भिंतीवरची एकच असते.

दोन पाळ्यांच्या मधली सांध ही आणखी एक जागा. भांडी घासणारे आठला जातात आणि सहेरीचे तीनला येतात. मधल्या सात तासांत कोणी नसते. गेल्या वर्षी एका पहाटे गॅस संपला. भरलेला सिलिंडर कुलपात, चावी दुसऱ्याच माणसाच्या खिशात. तेव्हापासून भांड्यांच्या पाळीने जाण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या आणि वहीत खूण करायची: १९ किलोचा भरलेला सिलिंडर शेगडीजवळ आहे, सहेरीची डाळ-भाजी झाकून जाळीच्या कपाटात आहे, चावी मुअज्जिन साहेबांकडे दिली आहे. ते मशिदीतच राहतात, म्हणून चावी त्यांच्याकडे. तीन खुणांपैकी एक नसेल तर इशाला ते विचारतात.

भिंतीवर लावण्याआधी

यादी पूर्ण झाली की ती दोनदा वाचा, दोन वेगळ्या दिशांनी. एकदा आडवी, प्रत्येक रोजाची एकेक ओळ. सातही चौकोनांत हवी तितकी नावे आहेत का, आणि एकच नाव डबे आणि वाढप अशा लागून असलेल्या दोन पाळ्यांत पडले नाही ना, ते पाहा. डबे पोचवणारा गल्लीत असताना वाढपीला हजर असू शकत नाही. मग एकदा नावावरून वाचा. प्रत्येकाच्या महिन्याच्या पाळ्या मोजा. आमच्या पहिल्या मसुद्यात एका तरुणाला १९ पाळ्या होत्या आणि चौघांना चार-चार. त्या तरुणाने कधी तोंड उघडले नसते, आणि पुढच्या वर्षी नावही दिले नसते. सहेरीच्या सहा पाळ्या करणाऱ्याला दुसरी कोणतीही पाळी द्यायची नाही, हाही नियम तेव्हाच केला.

शेवटच्या दहा रोज्यांची पाने वेगळी तपासा. काही माणसे एतिकाफला बसतात. ती कोण, हे शाबानमध्येच विचारून घ्या आणि २० व्या रोजाच्या संध्याकाळपासून त्यांची नावे काढा. ईदच्या कपड्यांसाठी दुकानदारांना याच दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. मुंबईहून सुट्टी घेऊन येणारे मात्र याच दिवसांत येतात. त्यांना आल्यावर "सांगा काय करू" असे विचारायला लावू नका. शेवटच्या दहा दिवसांतले डब्यांचे आणि वाढपीचे काही चौकोन त्यांच्यासाठी राखून आधीच नावाने लिहा आणि फोनवर होकार घ्या. होकार आला नाही तर तो चौकोन रिकामा समजायचा.

कोणी म्हणेल, खिदमतीला एवढी मोजमाप कशाला? अमृतसरच्या दरबार साहिबमध्ये लंगर दिवसरात्र चालतो, तिथे येणारा जाणारा बसून भाकरी लाटतो. खरे आहे. पण तिथे कायमचे सेवादार आहेत आणि येणाऱ्यांची रीघ कधी तुटत नाही. एक उठला की दुसरा बसतो. आमच्याकडे ४४ माणसे आहेत. ४४ मधून पहाटे तीनला दोन माणसे आपोआप येतील हे काही दिवस खरे ठरते आणि एक दिवस ठरत नाही. त्या एका दिवशी कोणाच्या तरी ओटीवर दिवा जळत राहतो.

यादी २७ शाबानला लागेल. पहिल्या रोजाच्या सहेरीसाठी चाँदच्या अटीवर दोन नावे आहेत, त्यातले एक माझे. खालांचे घर माझ्याच वाटेवर आहे. सदर साहेबांनी आणखी एक गोष्ट यादीच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिली आहे, आणि ती खालांच्याच बोलण्यातून आली. काही कारणाने सहेरी निघणारच नसेल, तर ते रात्री दहाच्या आत प्रत्येक डब्याच्या घरी जाऊन सांगायचे. डबा चुकला तर माणूस स्वतःची सोय करू शकतो. पण ते त्याला वेळेत कळायला हवे.